रोगनिदानांचे कोडिंग

डॉक्टरांनी केसपेपरवर किंवा डिस्चार्ज समरीत स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या निदानाला रोगांच्या प्रमाणित वर्गीकरणातील सांकेतिक क्रमांक देण्याच्या कामाला रोगनिदानांचे कोडिंग म्हणतात. त्यासाठी मुख्यतः जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी हे वर्गीकरण वापरतात. त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी १९९० मध्ये संमत झालेली दहावी आवृत्तीही अनेक ठिकाणी वापरात आहे. पुढील उदाहरण या दहाव्या आवृत्तीतले आहे.

कोडर आधी वर्णानुक्रमसूचीत शोधतो, पण तिथे सापडलेला क्रमांक तसाच उतरवत नाही. तो क्रमवार यादीत उघडून त्याखालील ‘यात समाविष्ट’ आणि ‘यातून वगळलेले’ या सूचना वाचतो, कारण सूचीत योग्य वाटलेला क्रमांक या सूचनांमुळे पुष्कळदा बदलावा लागतो. सूचीत शोध घ्यायचा तो सहसा विकाराच्या नावाने. ‘फुफ्फुस’ शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

समजा, समरीत असे लिहिले आहे: ‘न्यूमोनिया. टाइप २ मधुमेह, त्यामुळे मूत्रपिंडविकार. पाच वर्षांपूर्वी एमआय. क्षयरोग नाही.’ रुग्णावर मुख्यतः न्यूमोनियाचे उपचार झाले असल्याने `J18.9` हा मुख्य क्रमांक ठरतो. मधुमेहजन्य मूत्रपिंडविकाराला दोन क्रमांक लागतात: मूळ रोगासाठी `E11.2` आणि मूत्रपिंडातील परिणामासाठी `N08.3`. छापील यादीत पहिल्यापुढे कट्यारीचे आणि दुसऱ्यापुढे तारांकनाचे चिन्ह असते, आणि तारांकित क्रमांक कधीही एकटा देत नाहीत. ‘एमआय’ म्हणजे हृदयविकाराचा झटका असेल, तर तो जुना असल्यामुळे `I25.2` द्यावा लागतो. `I21` हा गट चार आठवड्यांच्या आतल्या झटक्यासाठी आहे. मात्र हीच आद्याक्षरे हृदयाच्या मायट्रल झडपेच्या गळतीसाठीही वापरली जातात, म्हणून ईसीजी व जुनी कागदपत्रे पाहून खात्री करावी लागते. क्षयरोगाला क्रमांक मिळत नाही. शब्द जुळवून क्रमांक सुचवणारी साधी संगणकप्रणाली नेमकी इथे फसते: तिला ‘क्षयरोग’ दिसतो, ‘नाही’ दिसत नाही.

याच रुग्णाच्या थुंकीच्या तपासणीत क्लेबसिएला जिवाणू आढळल्याचा अहवाल असेल, तर `J15.0` हा अधिक नेमका क्रमांक समोर दिसत असतो. तरीही कोडरने तो परस्पर देऊ नये, कारण तपासणीत सापडलेला जिवाणू आजाराचे कारण आहे की नाही, हा वैद्यकीय निर्णय आहे. अशा वेळी डॉक्टरांना लेखी विचारणा करतात, आणि तीही उत्तर सुचवणारी नसावी: ‘हा क्लेबसिएला न्यूमोनिया आहे ना?’ असे न विचारता ‘न्यूमोनियाचे कारण ठरले आहे का?’ असे विचारतात.

एकाच समरीचे कोडिंग दोन कोडरांनी स्वतंत्रपणे करून ताडून पाहिले की चुका सापडतात. एखाद्या विभागात `.9` ने संपणारे, म्हणजे बहुधा ‘अनिर्दिष्ट’ प्रकारचे क्रमांक अचानक वाढले, तर कोडरपेक्षा आधी तिथल्या नोंदी तपासाव्यात.