'उनो'चा 'उन' कसा झाला: स्पॅनिश विशेषणांच्या झिजलेल्या टोकांमागची गोष्ट

'ब्वेनो' म्हणजे चांगला, पण चांगला मित्र म्हणायचा तर 'ब्वेन आमीगो'. विशेषण मागे गेले की 'आमीगो ब्वेनो', तिथे शेवटचा 'ओ' जागेवर परत. 'उनो' (एक) आणि 'ग्रांदे' (मोठा) यांचेही तसेच: नामाच्या आधी 'उन' आणि 'ग्रान'. शिकणाऱ्याला हा अपवादांचा तक्ता म्हणून पाठ करायला लावतात. खरे तर त्यामागे एकच कारण आहे, आणि ते मराठी कानाला परके नाही.

आपण 'पाणी' म्हणतो, पण 'पाणीघोडा' म्हणत नाही, 'पाणघोडा' म्हणतो. 'घोडा' आणि 'दौड' जोडले की 'घोडदौड' होते. पहिला शब्द दुसऱ्याला टेकला की त्याचे टोक झिजते, कारण दोन्ही मिळून एका दमात उच्चारले जातात आणि जोर पुढच्या शब्दावर जातो. लॅटिनमधून स्पॅनिश घडत असताना नामाआधीच्या काही रोजच्या विशेषणांचे हेच झाले. फरक इतकाच, की मराठीत असे ठरावीक समास बनले, तर 'ब्वेन' कुठल्याही पुल्लिंगी एकवचनी नामाआधी चालतो.

'ब्वेनो'चा प्रवास पाहू. लॅटिन 'बोनुम'मधला शेवटचा 'म' फार लवकर गळला, 'उ'चा 'ओ' झाला आणि जोर असलेल्या पहिल्या 'ओ'चा 'वे' झाला. एकटा उभा असताना शब्द इथेच थांबला. नामाला चिकटून आला तेव्हा शेवटचा बिनजोराचा 'ओ' गेला. असे एकाच शब्दाचे दोन वारस निघणे स्पॅनिशला नवे नाही. 'दोमिनुम' (धनी) या लॅटिन शब्दाचा स्वतंत्र वापरात 'द्वेन्यो' म्हणजे मालक झाला, आणि नावाआधी लावायची पदवी म्हणून 'दॉन' झाला, तोच 'दॉन किहोते'मधला. 'दॉन'मध्ये 'वे' नाही, म्हणजे त्याच्यावर जोर उरलाच नव्हता. 'ब्वेन'मध्ये तो आहे, म्हणजे तिथे जोर थोडा टिकून होता आणि फक्त टोक गेले. मला हा पुरावा फार आवडतो: शब्द किती टेकला होता, हे त्याच्या स्वरातच नोंदलेले आहे.

मग 'ब्वेना' (चांगली) का झिजत नाही? कारण 'आ' हा सगळ्यांत भरीव स्वर, तो शेवटी सहसा टिकला. आणि 'ब्वेनोस आयरेस'मध्ये 'ओ' शाबूत आहे, कारण अनेकवचनाच्या 'स'मुळे तो शब्दाच्या अगदी टोकाला नाही.

'ग्रांदे'ची कथा थोडी वेगळी. त्याच्या शेवटी 'ए' आहे, आणि मध्ययुगात एके काळी हा 'ए' सगळीकडेच गळत होता. ज्या हस्तलिखिताच्या शेवटी १२०७ सालची नोंद आहे, त्या एल सिद या स्पॅनिश वीरावरच्या काव्यात 'नोचे' (रात्र) ऐवजी 'नोच' आणि 'फ्वेर्ते' (बळकट) ऐवजी 'फ्वेर्त' अशी रूपे भेटतात. फ्रान्समधून आलेल्या धर्मगुरूंचा आणि सरदारांचा त्यात हात होता, असे रफाएल लापेसा या भाषा-इतिहासकाराने मांडले. राजा दहावा अल्फोन्सो (कारकीर्द १२५२ ते १२८४) याच्या दरबारात मात्र गद्याची भाषा घडवताना पूर्ण रूपांकडे कल वाढत गेला. 'नोचे' परत आली, 'ग्रांदे' परत आला. नामाआधीचे 'ग्रान' तेवढे उरले. आधी 'ए' जाऊन 'ग्रांद' झाले होते, मग शेवटचा 'द'ही गेला. लॅटिनमध्ये या विशेषणाला पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकच रूप होते, म्हणून माद्रिदचा रस्ता 'ग्रान वीआ' आहे, जरी 'वीआ' स्त्रीलिंगी आहे. नामामागे ते अख्खेच राहते: नदी 'रीओ ग्रांदे'. अर्थही सरकला आहे. 'ग्रान ओम्ब्रे' म्हणजे थोर माणूस, 'ओम्ब्रे ग्रांदे' म्हणजे अंगाने मोठा.

झीज मधल्या टप्प्यात पकडायची असेल तर संतांची नावे पाहावीत. 'सांतो'चा नावाआधी 'सान' होतो: 'सान पेद्रो', 'सान सेबास्तियान'. 'तो' किंवा 'दो'ने सुरू होणाऱ्या नावांआधी मात्र पूर्ण रूप: 'सांतो तोमास', 'सांतो दोमिंगो'. या दोन टोकांच्या मध्ये 'सांत' हा टप्पा होता, आणि तो 'सांतियागो'त गोठून राहिला आहे. 'सांत' आणि 'यागो' (याकोब) मिळून हे नाव झाले. पुढे लोकांना 'सान'ची इतकी सवय लागली की त्यांनी हे नाव 'सान तियागो' असे तोडले आणि 'तियागो' हे नवेच नाव जन्माला आले. त्यातला 'त' याकोबाचा नाही, 'सांतो'चा आहे.