पॅनोरमा छायाचित्राचे तुकड्यांतून शैलीरूपांतर

रुंद पॅनोरमा एकसंध घेतला तर ग्राफिक कार्डाची मेमरी पुरत नाही, म्हणून तो उभ्या तुकड्यांत कापून प्रत्येकावर चित्रशैली चढवण्याची ही पद्धत आहे. जस्टिन जॉन्सन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या, प्रतिमेला एकाच फेरीत शैली देणाऱ्या न्यूरल नेटवर्कच्या आधारे ती येथे समजावली आहे.

समजा, मरीन ड्राइव्हचा १२००० × २००० पिक्सेलचा पॅनोरमा आहे: डावीकडे मोकळा समुद्र, उजवीकडे इमारती. त्याचे १५०० पिक्सेल रुंदीचे आठ तुकडे करून ते वेगवेगळे चालवले, तर समुद्राचे तुकडे भडक आणि इमारतींचे मळकट निघू शकतात. सपाट आकाशात तर नसलेले ब्रशचे फटकारेही उमटतात. दोष शैलीचा नसतो. अशा नेटवर्कमध्ये बहुधा ‘इन्स्टन्स नॉर्मलायझेशन’ असते. ते प्रत्येक थरात समोरच्या प्रतिमेची सरासरी आणि विचलन काढून तिचा कॉन्ट्रास्ट ठरावीक पातळीवर आणते. तुकड्याला फक्त स्वतःचे आकडे ठाऊक असतात, म्हणून सपाट आकाशातला बारीक नॉइजही ताणला जातो.

उपाय असा की आधी पूर्ण पॅनोरमाची लहान प्रत, उदाहरणार्थ १५३६ × २५६ पिक्सेलची, नेटवर्कमधून न्यायची, प्रत्येक थराची सरासरी व विचलन साठवायचे आणि आठही तुकड्यांना तेच आकडे लावायचे. २०२२ मध्ये ‘थंबनेल इन्स्टन्स नॉर्मलायझेशन’ या नावाने ही युक्ती प्रसिद्ध झाली. लहान प्रतीत बारीक पोत हरवतो, त्यामुळे एकूण कॉन्ट्रास्ट मूळ हिशेबापेक्षा किंचित वेगळा येतो. मात्र तो सर्वत्र सारखाच असल्याने खटकत नाही.

आकडे गोठले की प्रत्येक पिक्सेल केवळ आजूबाजूच्या पिक्सेलांवर अवलंबून राहतो. या नेटवर्कमध्ये ही पोच प्रत्येक बाजूला साधारण पन्नास-पंचावन्न पिक्सेलांची असते. म्हणून दोन्ही बाजूंना ६४ पिक्सेल जास्तीचे घेऊन १६२८ रुंदीचा तुकडा चालवायचा आणि ती कड कापून टाकायची. नेटवर्क प्रतिमा आतून चौपट लहान करते, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची सुरुवात चारच्या पटीत हवी, नाहीतर फटकारे सांध्यापाशी सरकतात. पॅनोरमा ३६० अंशांचा असेल, तर दोन्ही टोकांना विरुद्ध टोकाचे ६४ पिक्सेल जोडावेत.

एवढे पाळले तर सांधे मिसळावेच लागत नाहीत. अनेकजण तुकडे एकमेकांवर चढवून कडा विरघळवतात. त्याने रंगातला फरक झाकला जातो, पण त्या पट्ट्यात दोन वेगळे फटकारे एकमेकांवर येऊन धुरकट दिसतात. शेजारच्या तयार तुकड्यालाच पुढच्याचा शैली-नमुना करणे तर त्याहून वाईट, कारण प्रत्येक पायरीची लहान चूक पुढे साचत जाते आणि आठव्या तुकड्यापर्यंत शैली ओळखीची राहत नाही.

पडताळणीसाठी मेमरीत मावेल एवढा भाग एकदा अखंड आणि एकदा तुकड्यांत, तेच गोठवलेले आकडे वापरून चालवावा आणि दोन्ही निकालांची वजाबाकी करावी. फरकाच्या प्रतिमेचा उजेड वाढवल्यावर उभी रेघ दिसली, तर कड अपुरी आहे किंवा चारची पट चुकली आहे. पूर्ण तुकडाच उजळ दिसला, तर त्याला साठवलेले आकडे लागलेलेच नाहीत.