१६ तासांचा थांबा म्हणजे स्टॉपओव्हर नव्हे

गेली बरीच वर्षं मी संभाजीनगरात विमानाची तिकिटं काढून देते. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी फोन लावतं आणि म्हणतं, "ताई, आम्हाला सिंगापूरचा फ्री स्टॉपओव्हर मिळालाय." तिकीट मागवून बघावं, तर तो असतो लेओव्हर. जाहिरातीत तेच, नातेवाइकांच्या ग्रुपवर तेच, आणि आता तर तिकीट विकणारेही सर्रास तेच बोलतात. या दोन शब्दांच्या घोळात लोकांचे पैसे जातात, ठरवलेले दिवस जातात, म्हणून एकदा नीट लिहिते.

लेओव्हर आपल्याला नवा नाही. मराठवाड्यातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मनमाडला गाडी बदलत आलाय. एक गाडी सोडायची, दुसरीची वाट बघायची, मधल्या वेळात चहा घ्यायचा. विमानातही तेवढंच. कधी २ तास, कधी २०. त्यावर जास्त काही सांगायला नको.

स्टॉपओव्हर वेगळा. रेल्वेत ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर ब्रेक जर्नीची सोय असते, तिच्याशी त्याचं जवळचं नातं आहे. प्रवास एकच, तिकीट एकच, पण मधल्या गावी उतरून राहायची परवानगी त्या तिकिटाच्या नियमातच असते. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधल्या शहरातला थांबा २४ तासांच्या पुढे गेला की तो स्टॉपओव्हर, त्याच्या आत असेल तर लेओव्हर. वेळापत्रकातली उतरण्याची वेळ आणि पुढच्या विमानाची वेळ, एवढंच मोजायचं.

इथवर सगळ्यांना पटतं. पुढे मात्र जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. लोकांना वाटतं, स्टॉपओव्हर म्हणजे लांबलेला लेओव्हर. १६ तास मिळालेच आहेत, ते ३ दिवस करून घेऊ. तसं होत नाही. हा फरक घड्याळातून निघत असला तरी बसतो तो भाड्यात. मुंबई ते मेलबर्न हे एक अखंड भाडं आहे आणि त्या भाड्याला स्वतःची नियमावली असते. तिच्यात स्टॉपओव्हरचं वेगळं कलम असतं. काही भाड्यांत एक थांबा फुकट, काहींत ठरावीक रक्कम भरून, आणि सगळ्यात स्वस्त भाड्यात पुष्कळदा साफ मनाई. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला थांबता येतं आणि दुसऱ्याला येत नाही, ते यामुळे.

परभणीच्या काका-काकूंचं उदाहरण सांगते. मुलगी मेलबर्नला. जाताना सिंगापुरात ३ दिवस राहायचं, तिथे काकूंचा भाचा असतो, असं त्यांनी तिकीट काढणाऱ्याला सांगितलं होतं. त्यानं "फ्री स्टॉपओव्हर घातलाय" म्हणून तिकीट हातात ठेवलं. निघायच्या आठ दिवस आधी काका माझ्याकडे आले, ते फक्त सामानाचं वजन विचारायला. मी कागद बघितला. सकाळी ७:३० ला सिंगापूर, त्याच रात्री ११:३० ला पुढचं विमान. १६ तास. भाच्यानं तर ३ दिवसांची रजा टाकली होती.

मी त्यांना कागदावरची एक ओळ दाखवली. तिकिटाच्या पूर्ण पावतीवर भाड्याचा हिशेब इंग्रजी अक्षरांत छापलेला असतो. सगळ्याच एजंटांच्या कागदावर तो नसतो, नसेल तर मागून घ्यावा. ती ओळ साधारण या तीनपैकी एका तऱ्हेची असते. `BOM` म्हणजे मुंबई, `SIN` सिंगापूर, `MEL` मेलबर्न, आणि `SQ` ही विमान कंपनीची खूण. आकडे फक्त समजण्यापुरते घातलेत:

```
BOM SQ X/SIN SQ MEL 400.00
BOM SQ SIN SQ MEL 400.00
BOM SQ SIN 150.00 SQ MEL 380.00
```

पहिल्या ओळीत `SIN` च्या आधी `X/` आहे. म्हणजे सिंगापूर फक्त गाडी बदलायचं ठिकाण, तिथे राहायची परवानगी या भाड्यात वापरलेली नाही. दुसऱ्या ओळीत `X/` गेलाय आणि भाड्याचा आकडा मात्र शेवटी एकच आहे. हा खरा स्टॉपओव्हर, अखंड भाड्यातला. तिसऱ्या ओळीत `SIN` च्या पुढेही एक आकडा आलाय. इथे भाडं सिंगापूरला तुटलं आणि दोन तुकड्यांची बेरीज झाली. राहायला मिळतं, पण स्टॉपओव्हरचा फायदा मिळत नाही. काकांच्या कागदावर `X/` होता.

"मग आता तारीख पुढे ढकलू," काका म्हणाले. ढकलता येते, पण ते तिकीट बदलणं झालं. बदलाचा दंड, वर त्या दिवशीच्या भाड्यातला फरक, आणि हे दोन्ही माणशी. म्हणून स्टॉपओव्हर तिकीट काढतानाच घालावा लागतो. कंपनीच्या साइटवर स्टॉपओव्हरचा पर्याय असेल तर तो, नसेल तर मल्टी-सिटी या पर्यायात जाऊन मुंबई–सिंगापूर एका तारखेला, सिंगापूर–मेलबर्न तीन दिवसांनी आणि मेलबर्न–मुंबई परतीचं, असं एकाच तिकिटात भरायचं. त्याआधी साधं जाऊन-येऊन भाडं कागदावर लिहून ठेवा. दोन्हींतला फरक थोडका असेल तर अखंड भाडं मिळालंय. एकदम उडी मारली असेल तर भाडं तुटलंय, तारीख किंवा भाड्याचा प्रकार बदलून बघा.

दोन वेगळी तिकिटं काढून "आपला आपण स्टॉपओव्हर" करण्याला माझा ठाम विरोध आहे. पहिल्या तिकिटात काही बिघडलं तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कुणी घेत नाही, आणि सामानाची मर्यादाही दोन्हीकडे वेगळी निघू शकते.

आता फुकट या शब्दाविषयी. अखंड भाड्यातही विमानतळाचे कर बदलतात. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर २४ तासांच्या आत विमान बदलणाऱ्याला थोडकं शुल्क पडतं. स्टॉपओव्हर केलात की तुम्ही तिथून नव्यानं निघणारे प्रवासी ठरता आणि शुल्क माणशी ६५ सिंगापूर डॉलरच्या आसपास जातं. नवरा-बायकोचे मिळून आठ-नऊ हजार रुपये. तीन दिवस राहायला मिळत असतील तर मला ही रक्कम जड वाटत नाही, पण ती आधी सांगितली पाहिजे. मागाहून कळली की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

सामानाचंही बघा. लेओव्हरमध्ये चेक-इन केलेली बॅग सहसा थेट शेवटच्या गावी जाते, स्टॉपओव्हरमध्ये मधल्या शहरात हातात येते. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला चिकटवलेल्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत काय आहे ते वाचायचं. `MEL` असेल तर सिंगापुरात बॅग मिळणार नाही. काकूंनी रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत भरल्या होत्या. मी त्या काढून पर्समध्ये ठेवायला लावल्या.

व्हिसा या भांडणात आणूच नका. लेओव्हर असला की बाहेर पडता येत नाही, हा समज चुकीचा आहे. बाहेर पडू देणं त्या देशाच्या हातात असतं, तिकिटाच्या नाही. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा काही देशांचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना, तिथे जाता-येताना, पुढचं पक्कं तिकीट दाखवून सिंगापुरात ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. शेवटचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात येत असल्याची नोंद, मात्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. उलट उदाहरण इस्तंबूलचं. तिथली विमान कंपनी ठरावीक देशांच्या प्रवाशांना स्टॉपओव्हरवर हॉटेल देते, पण भारतीय पासपोर्टवर तुर्कीचा ई-व्हिसा मिळायला अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा किंवा निवास परवाना लागतो. तो नसेल तर त्या हॉटेलचा उपयोग काय?

हॉटेलवरून आणखी एक गोंधळ होतो. सोयीचं विमानच नसल्यानं रात्र काढावी लागते, तेव्हा काही कंपन्या स्वतःच्या खर्चानं खोली देतात. धंद्यात त्यालाही "स्टॉपओव्हर पेड बाय कॅरिअर" म्हणतात, आणि निम्मा घोळ या नावानंच घातलाय. तो लेओव्हरच आहे. तुम्ही स्वतः हौसेनं लांबचं विमान निवडलंत तर ही खोली सहसा मिळत नाही. अबू धाबीची कंपनी दोन रात्रींपर्यंत हॉटेल देते किंवा दोहाची कंपनी सवलतीत देते, ते स्टॉपओव्हरचे कार्यक्रम. तेही आधी नोंदवावे लागतात, काउंटरवर जाऊन मागता येत नाहीत.

काका-काकूंनी दंड भरला नाही, आणि तेच शहाणपणाचं झालं. १६ तासांचा लेओव्हर आहे तर लेओव्हरसारखाच वापरू, असं मी सुचवलं. चांगीवर साडेपाच तासांपेक्षा जास्त आणि २४ तासांपेक्षा कमी थांबा असणाऱ्यांसाठी शहराची फुकट सहल असते. स्टॉपओव्हरवाल्याला ती मिळत नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. पण काकूंना सहल नको होती. भाचा विमानतळावर घ्यायला आला, दुपारचं जेवण त्याच्या घरी झालं, आणि रात्री ९ ला तो त्यांना परत सोडून गेला.

यंदा ते पुन्हा निघालेत. या वेळी तिकीट मी काढलंय आणि ३ दिवस परतीच्या वाटेवर ठेवलेत. मी नेहमी परतीलाच ठेवते. जाताना बॅगा लोणच्या-पापडांनी आणि नातवंडांच्या कपड्यांनी भरलेल्या असतात, त्या मधल्या शहरात ओढत फिरण्यात मजा नाही. शिवाय पुढे मुलगी विमानतळावर उभी असते, तेव्हा मधल्या गावात कुणाचं मन लागत नाही. पावती हातात दिली तेव्हा काकांनी चष्मा लावून आधी ती ओळ शोधली. जातानाच्या `SIN` ला `X/` होता, येतानाच्या `SIN` ला नव्हता, आणि त्याच्यापुढे आकडाही नव्हता. मग त्यांनी भाच्याला फोन लावला, रजा टाक म्हणून.