टोपी चढवायची, पण कान तोच ठेवायचा

गिरगावातल्या एका घरात आजोबांचा एकच धड फोटो उरलेला असतो, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला आणि बोडक्या डोक्याचा. आयुष्यभर पांढऱ्या टोपीशिवाय घराबाहेर न पडलेला माणूस भिंतीवर असा कसा लावायचा? म्हणून मागणी येते, ‘जरा टोपी चढवून द्या.’ ही मागणी काही आजची नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर मुंबईत स्टुडिओ वाढत गेले, तसा रिटचिंग, म्हणजे काढलेल्या फोटोत हाताने दुरुस्ती करणं, हा त्यांचा नेहमीचा धंदा झाला.

त्या काळी टोपीचा रंग फार महत्त्वाचा होता. रिटचिंग करणारा काम करी ते काचेच्या निगेटिव्हवर. काचेवर विशिष्ट वार्निश लावून तिच्यावर पेन्सिल चालवली, की तिथून प्रकाश कमी जातो आणि प्रिंटमध्ये तो भाग उजळ होतो. म्हणजे पांढरी टोपी सोपी. अपारदर्शक रंगाने तिचा आकार भरला, चुण्यांच्या जागी रंग पातळ ठेवला, की काम झालं. काळी टोपी मात्र उलटी. तिच्यासाठी निगेटिव्हवरचा थर चाकूने खरवडून काढावा लागे, आणि हात जरा घसरला तर मूळ कपाळही गेलं. म्हणून काळी टोपी बहुधा प्रिंटवरच ब्रशने रंगवत आणि त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढत.

या सगळ्यात कान आणि कल्ले सुखरूप राहत, कारण ब्रश तिथे पोचतच नसे. टोपी बसवलेली कळायची ती बसवण्यातल्या चुकीमुळे. टोपीखाली कपाळावर सावली नसे, किंवा टोपीची कड डोक्याच्या गोलाईबरोबर वळण्याऐवजी पट्टीने आखल्यासारखी सरळ जाई.

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ला आली आणि लेयर्स १९९४ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत. खरा फरक पडला तो लेयर्समुळे, म्हणजे एकावर एक ठेवता येणाऱ्या चित्राच्या थरांमुळे. टोपी वरच्या थरावर, आजोबा खालच्या, आणि खालच्याला धक्का नाही. कुठला भाग दिसावा ते ठरवणाऱ्या मास्कची कड एक-दोन पिक्सेल मऊ करायची, कानशिलावरचे केस वेगळ्या बारीक ब्रशने टोपीच्या कडेवर आणायचे, सावली खालचं चित्र गडद करणाऱ्या `Multiply` मध्ये घालायची. टोपी दुसऱ्या फोटोतून उचललेली असे, त्यामुळे प्रकाशाची दिशा जुळवताना घाम निघायचा. तरीही कान आजोबांचाच राहायचा.

२०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन हे सांगितलेलं चित्र स्वतः काढणारं एआय मॉडेल सर्वांना खुलं झालं आणि पुढच्याच वर्षी फोटोशॉपमध्येही तसंच काम करणारं जनरेटिव्ह फिल आलं. आता टोपी शोधावी लागत नाही, प्रकाशही बराचसा आपोआप जुळतो. पण इथे मॉडेल वरून काही चिकटवत नाही, आपण मास्कने निवडून दिलेला भाग नव्याने काढतं. स्टेबल डिफ्यूजन तर आधी चित्र आकुंचित करतं. मूळ चित्रातल्या आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनाला त्या आकुंचित चित्रात एकच घर मिळतं. घोळक्याच्या फोटोत डोकं साठ पिक्सेल उंच असेल, तर कान साधारण सोळा पिक्सेल, म्हणजे उंचीत फक्त दोन घरं. दोन घरांत कानाची पाळी, वरची वळी आणि भिकबाळीचं भोक कसं मावणार?

आपल्या आजोबांना कानाच्या वरच्या भागात असं भोक होतं, असं धरू. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेलेले, पाळी लांब. मास्क ऐसपैस काढून कानापर्यंत नेला, तर टोपी सुंदर येते. सोबत येतो एक गुळगुळीत, बेताचा, कुणाचाही कान, आणि गेलेले केसही कानशिलावर परत उगवतात. घरचे म्हणतात, ‘छान आहे, पण आजोबा नाही वाटत.’ नेमकं काय चुकलं, ते त्यांना सांगता येत नाही.

यावर उपाय जुन्या रिटचिंगवाल्यासारखा हात आखडता घेण्याचा. चेहरा आधी कापून मोठा करायचा, म्हणजे कानाला जास्त घरं मिळतात. मास्क टोपीच्या जागेपुरता आणि कपाळावरच्या सावलीच्या पट्टीपुरता. खाली तो कानाच्या वरच्या कडेपाशी थांबला पाहिजे. शेवटी मूळ फोटो वरच्या लेयरवर ठेवून मास्कबाहेरचा सगळा भाग त्यातूनच परत आणायचा, कारण आकुंचन-प्रसरणात न निवडलेले पिक्सेलही किंचित बदलतात.

टोपी मुळात घट्ट बसणारी असेल, तर ती कानाचा वरचा भाग खरोखरच थोडा दाबते. तो दाब फोटोत नसतो आणि मॉडेल तो अंदाजाने घालतं. मी तिथे टोपी बोटभर वर सरकवून घेतो. भिकबाळीचं भोक हलवण्यापेक्षा ते बरं.

तपासणी सोपी आहे. मूळ फोटो आणि नवा फोटो एकावर एक ठेवून वरच्याला `Difference` लावायचं, म्हणजे दोन्हींत जिथे फरक नाही तिथे काळं दिसतं. टोपी आणि सावली सोडून बाकी सगळं काळंकुट्ट दिसलं पाहिजे. कानाच्या जागी करडी रेघ उमटली, तर तो कान आजोबांचा राहिलेला नाही.