ओवाळणीची टिपणे

जोडीदार वर्षभरात बोलण्याच्या ओघात जे आडून सुचवतो किंवा सुचवते ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे आणि एका ठरलेल्या दिवशी त्यातून भेट निवडायची, अशी ही घरगुती सवय आहे. तिला रूढ नाव नाही. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस असे कोणतेही निमित्त चालते आणि बायकांनी नवऱ्यांसाठी ठेवलेल्या नोंदीही असतात. मराठी घरांत मात्र तिचा हक्काचा दिवस म्हणजे दिवाळीचा पाडवा, म्हणून ही नोंद पाडव्यापुरती आहे.

पाडवा म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदा, बलिप्रतिपदा. त्या दिवशी पत्नी पतीचे औक्षण करते आणि पती तबकात ओवाळणी घालतो. पूर्वी नाणे, नोट किंवा सोन्याचे वळे पुरत असे. आता बहुतेक शहरी घरांत साडी, दागिना किंवा एखादी वस्तू येते आणि ती घरच्यांच्या समोरच उघडली जाते. अडचण इथेच आहे. पैशाच्या पाकिटाला नावे ठेवता येत नाहीत, वस्तूला ठेवता येतात. ज्या पत्नीला सहसा काही पसंत पडत नाही ती भांडत नाही. ती वस्तू उलटसुलट बघते, “असू दे” म्हणते आणि थोड्या वेळाने विचारते, “बिल ठेवलंयस ना?” या दोन वाक्यांनंतर ती वस्तू कपाटात कोणत्या कप्प्यात जाते, हे त्या घरातल्या पुरुषाला पाठ असते.

अशी व्यक्ती काही सांगतच नाही, ही समजूत चुकीची आहे. ती सरळ सांगत नाही, एवढेच. लेकी बोले सुने लागे ही रीत ज्या भाषेत म्हण होऊन बसली आहे, तिथे इच्छा बहुधा दुसऱ्याच कुणाच्या नावाने बोलली जाते. शेजारणीच्या कानातल्यांचे कौतुक, दुकानातल्या मालाला ठेवलेले नाव, आईच्या घरी काय होते याची आठवण, हे सगळे तिचे सांगणेच असते. ऐकणाऱ्याला त्या वेळी ते समजतेही. पण ते फेब्रुवारीत बोललेले असते, आणि ऑक्टोबरात दुकानात उभे राहिल्यावर डोक्यात फक्त “साडी” एवढा शब्द उरलेला असतो.

म्हणून या टिपणांचा मुख्य नियम असा की वस्तू लिहायची नाही, वाक्य लिहायचे. “तिला कानातले हवेत” ही नोंद जवळजवळ निरुपयोगी आहे. “कुड्या छान आहेत, पण मागचा फिरकीचा दांडा जाड, माझं भोक लहान आहे” या नोंदीत मात्र घडण, अडचण आणि माप अशी तीनही माहिती आहे. तारीख, तिचे शब्द जसेच्या तसे आणि ती कुठे, कशाकडे बघून बोलली, इतके पुरते. अर्थ लावायचा तो शेवटच्या महिन्यात. लिहिताना लावलेला अर्थ बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या आवडीकडे झुकलेला असतो. टिपण झोपण्यापूर्वी झाले पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी वाक्याचा गाभा राहतो आणि कडा झिजतात, आणि भेट फसते ती कडांवर.

नकारांना वेगळे पान द्यावे. “हे पुन्हा आणू नकोस”, “हा रंग मला म्हातारी करतो”, “असल्या पिशव्या ठेवायच्या कुठे” ही वाक्ये होकारांपेक्षा जास्त भरवशाची असतात. कौतुक सौजन्यापोटीही होते, नावड सहसा खरी असते. “कशाला उगाच खर्च?” हे मात्र कोणत्याच पानावर घेऊ नये. ते मराठी घरात आभारासारखे बोलले जाते आणि त्यातून काही कळत नाही.

नमुन्यादाखल एका जोडप्याचे 2025 सालचे पान पाहू. लग्नाला सतरा वर्षे झालेली. आदल्या दोन पाडव्यांना त्याने एक भरजरी रेशमी साडी आणि एक मनगटी घड्याळ दिले होते, दोन्ही कपाटात. टिपणे अशी:

“18 जानेवारी. हळदीकुंकवाहून आल्यावर: ‘त्यांची इरकल बघितलीस? आईची अशीच होती. गोधडीत गेली.’”

“9 मार्च. प्रदर्शनात इरकल हातात घेऊन परत ठेवली: ‘पदर सलगच आहे की. हे इरकल नव्हे.’”

“1 जून. बहिणीला फोनवर: ‘नऊवारी नेसायला वेळ कुणाला आहे आता?’”

“20 जुलै. जांभळ्या ब्लाउजपिसाबद्दल: ‘हा रंग मला म्हातारी करतो.’”

“7 सप्टेंबर. ‘दिवाळीत शिलाईवाल्या उभ्या करत नाहीत, साडी नवी आणि ब्लाउज जुनं.’”

सप्टेंबरच्या शेवटी तो हे पान घेऊन बसला तेव्हा पहिल्या वाचनात उत्तर “इरकल” असे येत होते, आणि तेवढ्यावर थांबला असता तर तिसरी भेटही कपाटात गेली असती. दुसरे टिपण कळीचे होते. इरकल ही कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची साडी, महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नेसली जाणारी. तिचे अंग आणि पदर यांचे ताणे, म्हणजे उभे धागे, वेगवेगळे असतात. अंगाचा ताणा सुती असला तरी पदराचा रेशमी असू शकतो, आणि दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांच्या फासात अडकवून मागावरच जोडतात. या जोडाला टोपे-तेणी म्हणतात. स्वस्त नकलेत हा जोड नसतो, एकाच सलग ताण्यावर वेगळ्या रंगाचा आडवा बाणा घालून पदर उठवलेला असतो. ओळखायचे ते साडीची उलटी बाजू बघून. जिथे अंग संपून पदर सुरू होतो तिथे जोडाची आडवी रेघ दिसते, नखाला किंचित खरखरते, आणि अंगाच्या रंगाचे उभे धागे त्या रेघेवर थांबतात. मार्चमध्ये तिने दुकानात हेच बघितले होते. म्हणजे ती साडी मागत नव्हती, जोड मागत होती.

जूनच्या टिपणाने सहावारी ठरली, जुलैच्या टिपणाने जांभळा बाद झाला. पण आईच्या साडीचा रंग कोणता, हे पानावर कुठेच नव्हते. टिपणांत अशी एखादी जागा रिकामी राहतेच आणि ती भरताना गुपित फुटते. तिला विचारणे शक्य नव्हते, मेहुण्याला विचारले तर तासाभरात बातमी घरी. उत्तर माळ्यावर होते. त्या गोधडीत बोटभर रुंदीची एक पट्टी निघाली, गर्द हिरवी, तांबड्या काठाची. तिचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो घेऊन तो दुकानात गेला. ट्यूबलाइटखाली काढला असता तर हिरवा निळसर दिसला असता आणि दुकानदाराने मोरपंखी काढून दिली असती.

सप्टेंबरचे टिपण वस्तूबद्दल नव्हतेच, तारखेबद्दल होते. पाडवा इंग्रजी तारखेने स्थिर नसतो. 2023 मध्ये तो 14 नोव्हेंबरला आला, 2024 मध्ये 2 नोव्हेंबरला आणि 2025 मध्ये 22 ऑक्टोबरला. दरवर्षी “नोव्हेंबर उजाडला की बघू” म्हणणारे 2025 मध्ये फसले ते यामुळे. त्याने तिच्याच शिलाईवालीकडे खण नेऊन दिला, कारण तिच्या वहीत बायकोचे माप होते. कपाटातले मापाचे ब्लाउज पळवण्याचा धोका टळला. शिलाईवालीने तीन आठवडे मागितले, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला दिवस ही खरी शेवटची तारीख होती.

भेट जवळच्या माणसाची असूनही का चुकते, यावर थोडे संशोधन झाले आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी 1993 मध्ये विद्यार्थ्यांना मिळालेल्या नाताळच्या भेटींचा हिशोब मांडला, तेव्हा घेणाऱ्यांच्या लेखी त्यांचे मोल किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरले. 2016 मध्ये गलाक, गिव्ही आणि विल्यम्स यांनी याचे एक कारण मांडले: देणारा भेट उघडण्याच्या क्षणाचा विचार करतो, घेणारा ती पुढे बाळगण्याचा. वरच्या घरातली भरजरी साडी आणि घड्याळ ही दोन्ही त्या क्षणासाठी घेतलेली होती. तिची टिपणे मात्र सगळी नंतरच्या वापराची आहेत: नेसायला लागणारा वेळ, अंगावर दिसणारा रंग, ब्लाउज.

टिपणे ठेवायची कुठे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, धुणेवालीची रजा हे सगळे असते, म्हणून ती चौकट हाताला येते. पण घरात सर्वांत जास्त वाचला जाणारा कागदही तोच. फोनमध्ये ठेवायचे तर किराण्याची यादी ज्या खात्यावर दोघांची मिळून आहे, तिथे नको. ऑफिसच्या खणातली खिशातली डायरी अजूनही सर्वांत सुरक्षित. एवढे सांभाळूनही गुपित बहुधा टिपणांतून फुटत नाही, पैशातून फुटते. संयुक्त खात्यातून पैसे गेल्याचा संदेश तिच्या फोनवर येतो, त्यात दुकानाचे नाव असते, आणि मग पाडव्याला नवल वाटल्याचा अभिनय तिला करावा लागतो. तो तिला जमत नाही. अशा घरात रोख बरी.

टिपणे शिळीही होतात. हवी असलेली वस्तू तिने मधल्या काळात स्वतःच घेतलेली असते, किंवा ती इच्छा दिवाळीपर्यंत विरलेली असते. एकदाच बोललेले आणि पुन्हा कधीच न आलेले वाक्य शक्यतो सोडून द्यावे. तीन वेगळ्या प्रसंगी, वेगळ्या शब्दांत फिरून आलेले धरावे. इरकल जानेवारीत आली आणि मार्चमध्ये आली. तिसऱ्यांदा ती सप्टेंबरमध्ये ब्लाउजच्या तक्रारीतून आली, असे म्हणता येईल, पण तो अंदाजच. तिथे जोखीम घ्यावी लागते.

सर्वांत मोठा धोका पकडले जाण्याचा. टिपणांचा सुगावा लागला की समोरची व्यक्ती दोनपैकी एक करते. एक तर बोलणे जपून करू लागते, कारण आपले प्रत्येक वाक्य नोंदले जाते ही जाणीव कुणालाच सुखाची नसते. नाहीतर मुद्दाम ऐकू जाईल असे बोलू लागते, आणि मग ती यादी होते. यादीतही वाईट काही नाही. फक्त ती आणायला टिपणवही लागत नाही.

त्या घरात 22 ऑक्टोबरला तिने साडीची घडी मोडली, पदर उलटा केला आणि जोडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “तुला कोणी सांगितलं?” बिल मागितले नाही. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला तीच साडी नेसून ती माहेरी गेली. रात्री परतल्यावर त्याने नव्या पानावर लिहिले: “23 ऑक्टोबर. गाडीत: ‘दादाने बघितली, ओळखलीच नाही. काठ जरा रुंद होता आईचा.’”