‘कमिटी हॅज’ की ‘कमिटी हॅव’? इंग्रजी कर्ता-क्रियापदाच्या नियमाची पार्श्वभूमी

‘द कमिटी डिसायडेड’ असं लिहिताना कुणाचीही लेखणी अडत नाही. तेच वाक्य वर्तमानकाळात आणलं की प्रश्न उभा राहतो: ‘डिसाइड्स’ की ‘डिसाइड’? समिती तीच, निर्णय तोच, मग अडचण एका काळात का येते आणि दुसऱ्यात का येत नाही? याचं उत्तर इंग्रजी क्रियापदांनी हजार वर्षांत काय काय गमावलं, यात आहे.

जुन्या इंग्रजीत क्रियापदाला वचनाचे प्रत्यय भरपूर होते. ‘गाणे’ या अर्थाच्या ‘सिंगन’ धातूचं वर्तमानकाळातलं तृतीयपुरुषी एकवचन ‘सिंगेथ’ आणि अनेकवचन ‘सिंगाथ’ असं होई. भूतकाळातही ‘तो गायला’साठी ‘सांग’ आणि ‘ते गायले’साठी ‘सुंगोन’ अशी वेगळी रूपं होती. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे हे प्रत्यय झिजत गेले. आज उरलंय ते एवढंच: वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनातला ‘स’, ‘हॅज-हॅव’ आणि ‘डज-डू’सारख्या जोड्या, आणि ‘बी’ या क्रियापदाची ‘इज-आर’, ‘वॉज-वेअर’ अशी रूपं. ‘विल’, ‘कॅन’, ‘मस्ट’ यांना वचनच नाही. त्यामुळे समूहवाचक नामाच्या वचनाचा निर्णय क्रियापदापुरता याच मोजक्या जागी घ्यावा लागतो. बाकीच्या ठिकाणी रूपच एक असल्यामुळे दुमत झाकलेलं राहतं.

म्हणजे सगळे प्रत्यय शाबूत होते तेव्हा गोंधळ नव्हता, असं मात्र नाही. जुन्या इंग्रजीतल्या बखरींत ‘हेरे’ म्हणजे सैन्य हा शब्द येतो. व्याकरणाने तो एकवचनी. पण वाक्य लांबलं आणि क्रियापद कर्त्यापासून दूर गेलं की तिथे अनेकवचन डोकावतं. सुरुवातीला सैन्य ‘येतं’, आणि चार शब्दांनंतर ते लूट ‘करतात’. लिहिणाऱ्याच्या मनात आधी शब्द असतो. वाक्य पुढे सरकतं तशी त्या शब्दामागची माणसं दिसू लागतात. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. ‘मंडळी जमली आहे’ आणि ‘मंडळी जमली आहेत’ ही दोन्ही वाक्यं आपल्या कानाला चालतात, आणि दोन्हींतला फरकही आपल्याला जाणवतो.

या बोलीतल्या सवयीला नियमाचं रूप मिळालं ते लॅटिनच्या वर्गात. सोळाव्या शतकापासून इंग्लंडमधल्या शाळांत विल्यम लिली यांच्या नावाने चालणारं लॅटिन व्याकरण घोकून घेत. त्यात एक सूत्र होतं: समूहवाचक एकवचनी नामाला कधी कधी अनेकवचनी क्रियापद जोडलं जातं. उदाहरण होतं ‘पार्स अबिएरे’, म्हणजे शब्दशः ‘एक भाग निघून गेले’. त्याच सूत्राखालच्या दुसऱ्या उदाहरणात कर्ता होता ‘उटेर्क्वे’, म्हणजे ‘दोघांपैकी प्रत्येक’, आणि त्याचंही क्रियापद अनेकवचनी होतं. ‘कमिटी’ आणि पुढे येणारा ‘आयदर’ यांचे प्रश्न एकाच घरचे आहेत, हे त्या सूत्राने किती आधी ओळखलं होतं! इंग्रजी व्याकरणांतली ‘नाउन ऑफ मल्टिट्यूड’ ही जुनी संज्ञाही लॅटिनमधल्या ‘नोमेन मुल्तितुदिनिस’चं सरळ भाषांतर आहे.

हा वारसा इंग्रजीच्या शालेय पुस्तकांत पक्का बसवला लिंडली मरी यांनी. मरी जन्माने अमेरिकन. पुढे ते इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झाले. 1795 साली निघालेलं त्यांचं व्याकरण पुढची कित्येक दशकं अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या शाळांत चाललं. समूहवाचक नामाला एकवचनी किंवा अनेकवचनी, दोन्हींपैकी कोणतंही क्रियापद चालेल, असं त्यांनी लिहिलं. अट एकच घातली: त्या शब्दातून एकपणाची कल्पना येते की अनेकपणाची, हे पाहूनच ठरवावं. ‘समिती म्हणजे एकवचनच’ असं आज अनेक वर्गांत ठामपणे शिकवतात. जुना नियम त्याहून सैल होता, आणि माझ्या मते जास्त प्रामाणिकही.

मग ‘अमेरिकेत एकवचन, ब्रिटनमध्ये अनेकवचन’ ही विभागणी कुठून आली? ती सुरुवातीपासून नव्हती. 1787 च्या अमेरिकी राज्यघटनेत पहिल्या कलमातच प्रतिनिधिगृह ‘देअर स्पीकर’ निवडेल, म्हणजे ‘त्यांचा’ सभापती निवडेल, असं म्हटलंय. सिनेटसाठीही ‘देअर’ आणि काँग्रेससाठीही ‘देअर’. त्याच कलमाच्या पाचव्या विभागात मात्र प्रत्येक सभागृहाने ‘इट्स प्रोसिडिंग्ज’ची नोंद ठेवावी, असं येतं. तिथे ‘ईच’ शब्द आल्यामुळे सर्वनाम एकवचनात खेचलं गेलं. शब्दन् शब्द तोलून लिहिलेल्या मजकुरातही समूहवाचक नाम दोन्ही अंगांनी वापरलेलं आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत अमेरिकी छापील इंग्रजीत एकवचन बळावत गेलं. विसाव्या शतकात ‘गव्हर्नमेंट’, ‘कमिटी’ अशा संस्थावाचक शब्दांबाबत ब्रिटिश वर्तमानपत्रंही त्याच बाजूला झुकली. ब्रिटनमध्ये अनेकवचन घट्ट टिकलं ते खेळाच्या पानावर: ‘इंग्लंड आर बॅटिंग’. इथे इंग्लंड म्हणजे अकरा खेळाडू. देशाबद्दल लिहिताना तिथला लेखकही ‘इंग्लंड इज’ असंच लिहितो. ‘पोलीस’ हा शब्द या वादात धरू नये; त्याला दोन्ही देशांत अनेकवचनच लागतं.

‘आयदर’ आणि ‘नायदर’ यांची गोष्ट शब्दांच्या पोटातच आहे. दोन्हींच्या मुळाशी जुना ‘ह्वेथर’ आहे, म्हणजे ‘दोहोंपैकी कोणता’. आजचा ‘व्हेदर’ त्याच कुळातला. ‘आयदर’चा मूळ अर्थ ‘दोहोंपैकी प्रत्येक’ असा होता, म्हणून ‘ऑन आयदर साइड’ म्हटलं की अजूनही दोन्ही बाजू समजतात. ‘दोहोंपैकी कोणताही एक’ हा अर्थ नंतर वर आला. ‘नायदर’मध्ये नकार दोघांनाही लागतो, त्यामुळे मनात दोघं एकदम येतात आणि बोलताना ‘नायदर ऑफ देम आर’ निघून जातं. औपचारिक लेखनात ‘नायदर ऑफ देम इज’ अपेक्षित असतं, कारण कर्ता ‘देम’ नसून ‘नायदर’ आहे.

‘नायदर… नॉर’ने दोन नामं जोडली की प्रश्न बदलतो. दोन्ही एकवचनी असतील तर क्रियापद एकवचनी, हे मरींनीही सांगितलं. कारण इथे दोघांची बेरीज होत नाही, प्रत्येकाचा विचार वेगळा होतो. एक नाम एकवचनी आणि दुसरं अनेकवचनी असेल तर मरींच्या मते क्रियापद अनेकवचनी करावं, आणि जमेल तिथे अनेकवचनी नाम क्रियापदाच्या शेजारी आणावं. आज शिकवतात तो नियम म्हणजे ‘जवळच्या नामाप्रमाणे क्रियापद’. मरींचा सल्ला पाळला तर दोन्ही नियमांचं उत्तर एकच येतं. ‘नायदर द मेंबर्स नॉर द चेअरमन वॉज’ हे आजच्या नियमाने बरोबर आहे, तरी कानाला खटकतं. क्रम उलटून ‘नायदर द चेअरमन नॉर द मेंबर्स वेअर’ केलं की खटका जातो.

‘अलाँग विथ’चा वाद सगळ्यांत चिवट आहे. ‘अँड’ हे उभयान्वयी अव्यय दोन कर्ते जोडून एक अनेकवचनी कर्ता तयार करतं. ‘विथ’, ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’ हे मात्र पुढचं नाम बाजूला ठेवतात. आपल्याकडचा ‘सह’ हेच करतो: ‘मुलगी मैत्रिणींसह आली’ म्हणताना क्रियापद मुलीचं असतं, मैत्रिणींचं नाही. तरीही अर्थाच्या दृष्टीने आलेल्या अनेक जणी आहेत, आणि ही ओढ फार जुनी आहे. रोमन इतिहासकार लिव्ही यांनी सेनापती काही प्रमुखांसह पकडला गेला, हे सांगताना क्रियापद ‘कापिउंतुर’ असं अनेकवचनी वापरलंय. लॅटिन शिकून आलेल्या इंग्रजी व्याकरणकारांपुढे त्यामुळे दोन्ही बाजूंचे दाखले होते आणि त्यांच्यात मतभेद होणं साहजिक होतं. शेवटी टिकला तो एकवचनाचा नियम.

नियम माहीत असूनही चूक का होते, हे 1991 मध्ये कॅथरिन बॉक आणि कॅरोल मिलर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. त्यांनी माणसांना ‘द की टू द कॅबिनेट्स’सारखी सुरुवात देऊन वाक्य पुरं करायला सांगितलं. मुख्य नाम एकवचनी आणि क्रियापदालगतचं नाम अनेकवचनी असेल तेव्हा चुका जास्त झाल्या. उलट मांडणीत त्या क्वचितच झाल्या. ‘अलाँग विथ’नंतर अनेकवचनी नाम आलं की तेही क्रियापदाला चिकटून येतं, म्हणजे चुकीला अनुकूल अशीच जागा.

आता ‘कमिटी’ आणि ‘अलाँग विथ’ या दोन्ही अडचणी एकत्र आणणारं एक वाक्य तपासू: ‘द कमिटी, अलाँग विथ टू एक्स्पर्ट्स, हॅव सबमिटेड इट्स रिपोर्ट.’ पहिली पायरी, दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटाने झाका. उरतं ‘द कमिटी हॅव सबमिटेड इट्स रिपोर्ट’, आणि दोष लगेच दिसतो: क्रियापद अनेकवचनी, सर्वनाम एकवचनी. समितीने एक संस्था म्हणून अहवाल दिला आहे, म्हणून ‘हॅज’ आणि ‘इट्स’. वाक्य समितीतल्या मतभेदाबद्दल असतं तर ब्रिटिश वळणाने ‘हॅव’ आणि ‘देअर’ चाललं असतं, पण मग दोन्ही रूपं एकाच बाजूची हवीत. छापील मजकुरात सगळ्यांत जास्त सापडते ती हीच सरमिसळ: पहिल्या ओळीत ‘हॅज’, तिसऱ्या ओळीत ‘देअर’. ती शोधायची तर क्रियापदावर थांबू नका. समूहवाचक नामापासून परिच्छेदाच्या शेवटापर्यंतची सर्वनामं एकेक करून तपासा.

झाकण्याची ही युक्ती ‘नायदर… नॉर’ला मात्र लावू नये. तिथे झाकण्याजोगं काही नसतं, दोन्ही नामं खरे कर्तेच असतात. आणि वरच्या वाक्यात तज्ज्ञही अहवालाचे बरोबरीचे लेखक असतील, तर ‘अलाँग विथ’ हा शब्दच चुकीचा निवडला आहे. तिथे ‘द कमिटी अँड टू एक्स्पर्ट्स हॅव सबमिटेड देअर रिपोर्ट’ असं लिहावं आणि स्वल्पविराम काढून टाकावेत.