सही करण्याआधी वाचा: छाटणीची भरपाई, ईएसआयचा बेकारी भत्ता आणि पीएफ
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बेळगाव भागातल्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांतून कामगार कमी केले की पुढच्या आठवड्यात आमच्या कचेरीत गर्दी होते. प्रश्न ठरलेले असतात. कंपनीनं हिशेब दिला, आता ईएसआयचे पैसे मिळतील का? भरपाईवर पीएफ का भरला नाही? आणि पीएफ आजच्या आज निघेल का? तिन्हींची उत्तरं खाली दिली आहेत. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथंच बिघडतं.

राजीनामा लिहून देऊ नका

काम नाही म्हणून कंपनी तुम्हाला काढते, तेव्हा कायद्याच्या भाषेत ती छाटणी होते. छाटणीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. शेवटचं अर्धवट वर्ष सहा महिन्यांच्या वर गेलं असेल तर तेही पूर्ण धरतात. ही तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नव्या संहितेत आणखी 15 दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा करायची तरतूद आहे.

प्रत्यक्षात काय होतं? ऑफिसात बोलावतात, टेबलावर एक छापील कागद असतो, कधी इंग्रजीत, कधी कन्नडमध्ये. त्यात लिहिलेलं असतं, ‘वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे, माझा सर्व हिशेब पूर्ण झाला.’ शेजारी चेक ठेवलेला. सही केली की चेक, नाही केली तर ‘बघू नंतर’. घरात हप्ते थकलेले असतात, माणूस सही करतो. त्याला वाटतं, पैसे मिळाले म्हणजे झालं, कागदावर काय लिहिलंय त्यानं काय फरक पडतो?

फरक फार पडतो. राजीनामा म्हणजे तुम्ही स्वतः नोकरी सोडली. मग छाटणीची भरपाई लागू होत नाही, आणि ईएसआयचा बेकारी भत्ताही जातो, कारण तो आपणहून नोकरी सोडणाऱ्यासाठी नाहीच. एका ओळीनं दोन्ही दारं बंद होतात. ग्रॅच्युइटी आणि पीएफ तेवढे शाबूत राहतात, ते राजीनाम्यानं बुडत नाहीत.

एक हिशेब करून पाहू

समजा, एक मशीन ऑपरेटर आहे. नोकरी 9 वर्षं 7 महिने. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये, दुसरा कुठला भत्ता नाही. छाटणीचं पत्र घेऊन तो बाहेर पडला तर नोटिशीचे 15,600 रुपये. भरपाईसाठी नोकरी 10 वर्षांची धरली जाईल, म्हणजे महिन्याच्या पगाराचे निम्मे 7,800 गुणिले 10, एकूण 78,000. ग्रॅच्युइटीसाठी महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून रोज 600 रुपये, पंधरा दिवसांचे 9,000, दहा वर्षांचे 90,000. कंपनीकडून मिळून 1,83,600 रुपये.

आता ईएसआय. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत छाटणी झालेल्या किंवा कारखाना बंद पडून बेकार झालेल्या विमाधारकाला पहिले 12 महिने सरासरी रोजच्या पगाराच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असावी लागते. आपल्या ऑपरेटरला वर्षभर महिन्याला सुमारे 7,800 आणि दुसऱ्या वर्षी सुमारे 3,900, म्हणजे दोन वर्षांत साधारण 1,40,000 रुपये होतात. त्या काळात त्याच्यासह घरच्यांची ईएसआयची दवाखान्याची सोयही चालू राहते.

याच माणसानं राजीनाम्यावर सही केली आणि कंपनीनं ‘खुशीनं’ 40,000 दिले, तर हातात ग्रॅच्युइटीचे 90,000 आणि ते 40,000. चेकची रक्कम त्या दिवशी मोठी वाटते. गेलेले पैसे मात्र कुठल्याच कागदावर दिसत नाहीत, म्हणून कोणाला कळतही नाही.

भरपाई मिळाली म्हणून भत्ता कापत नाहीत

हा गैरसमज इतका पसरलाय की लोक ईएसआयच्या ऑफिसात जातच नाहीत. भरपाई कंपनी देते, भत्ता विमा महामंडळ देतं. एकाची रक्कम दुसऱ्यातून वजा होत नाही. ऑफिसला पाहायचं असतं ते एवढंच, की नोकरी गेली कशी. तिथं पत्रावरचं कारण आणि कंपनीनं पोर्टलवर भरलेलं कारण, दोन्ही जुळावे लागतात. कंपनी दर महिन्याची वर्गणी भरते तेव्हा पगार नसलेल्या माणसापुढे यादीतून एक कारण निवडते. त्या यादीत `Left Service` वेगळं आहे आणि `Retrenchment` वेगळं आहे. हातात छाटणीचं पत्र आणि पोर्टलवर `Left Service` अशी केस आली की महिनोन्‌महिने जातात. म्हणून पत्र घेतानाच हिशेबनिसाला विचारा, ‘पोर्टलवर कारण काय टाकणार?’ त्यानं चुकीचं भरल्यावर दुरुस्तीसाठी पत्रव्यवहार करण्यापेक्षा हा एक प्रश्न फार स्वस्त पडतो.

दुसरी योजना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. तिच्यात निम्म्या सरासरी पगाराइतकी मदत मिळते, पण जास्तीत जास्त 90 दिवस आणि आयुष्यात एकदाच. ती ठरावीक मुदतीसाठी वाढवली जाते, म्हणून तुमची नोकरी गेली त्या तारखेला ती चालू होती का ते आम्ही आधी तपासतो. एकाच काळासाठी दोन्ही योजनांचे पैसे घेता येत नाहीत. छाटणीचं पत्र असेल तर 24 महिन्यांची योजना सोडून 90 दिवसांची घेणं तोट्याचं आहे, आणि तरीही अनेकजण ऑनलाइन सोपी म्हणून दुसरीच भरतात. पहिलीचा अर्ज नोकरी गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. नवी नोकरी लागली की भत्ता थांबतो. ती लपवून भत्ता घेणारा अर्ज आम्ही भरत नाही.

पगार 21,000 च्या वर असेल आणि ईएसआय लागू नसेल तर या दोन्ही योजना तुमच्यासाठी नाहीत. ठेकेदाराकडून लागलेल्यांनी पत्र ठेकेदाराकडून घ्यायचं, कारण वर्गणी त्याच्या नावावर असते. चंदगड, गडहिंग्लजहून रोज येणाऱ्यांसाठी एक सूचना: पीएफ आणि ईएसआय केंद्राचं असल्यामुळे घर महाराष्ट्रात असलं तरी अडत नाही. पण भरपाईची तक्रार कारखाना जिथं आहे तिथल्या, म्हणजे कर्नाटकच्या कामगार खात्याकडेच करावी लागते.

पीएफ: घाई केली तर पेन्शन जाते

भरपाई, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे यांवर पीएफ कापत नाहीत, कारण ते पगारात धरले जात नाहीत. रजेच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये मणिपाल अकादमीच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. कंपनीनं पीएफ बुडवला, असं इथं होत नाही. नोकरी गेल्यावर स्वतःच्या खिशातून पीएफ भरत राहता येत नाही. साठवण चालू ठेवायची असेल तर एनपीएससारख्या दुसऱ्या योजनेत खातं उघडता येतं. पण जमलेल्या पीएफवर वर्गणी थांबली तरी 58 वर्षांपर्यंत व्याज मिळत राहतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

बेकार झाल्यावर 75 टक्के रक्कम काढता येते. उरलेल्या रकमेसाठी पूर्वी दोन महिने थांबावं लागे. ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळानं ती मुदत 12 महिने आणि पेन्शनच्या पैशांसाठी 36 महिने करण्याचा निर्णय घेतला. नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर काढलेल्या पीएफवर कर लागतो. पण धंदा आटल्यानं किंवा तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं नोकरी गेली असेल तर लागत नाही. इथंही तेच छाटणीचं पत्र कामाला येतं.

पेन्शनचा मुद्दा याहून मोठा आहे. दहा वर्षं भरली की 58 व्या वर्षापासून आयुष्यभर पेन्शन मिळते. सहा महिने किंवा जास्त असलेलं शेवटचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून आपल्या ऑपरेटरची 9 वर्षं 7 महिने म्हणजे दहा झाली. पेन्शनसाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, म्हणून 15,000 गुणिले 10 भागिले 70, महिन्याला सुमारे 2,143 रुपये. पण छाटणीआधी कंपनीनं तीन महिने ‘काम नाही’ म्हणून बिनपगारी बसवलं असेल तर ते दिवस वजा होतात. नोकरी 9 वर्षं 4 महिने उरते आणि दहा भरत नाहीत. मग फॉर्म 10सी भरून पेन्शनचे पैसे काढण्याचा मोह होतो. ते काढले की आधीची सगळी वर्षं पुसली जातात. त्याऐवजी त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागायचं आणि पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडून घ्यायची. अशा माणसाला नव्या कंपनीत फक्त दोन महिने भरायचे उरतात.

लोक आमच्यावर रागावतात, की शेजारच्या सायबर कॅफेत अर्ध्या तासात क्लेम टाकतात, तुम्ही पासबुक आणि पत्रं मागत बसता. क्लेम टाकायला खरंच अर्धा तास पुरतो. पण 10सी मंजूर झाल्यावर तो परत फिरवता येत नाही, म्हणून पासबुकातले बिनपगारी दिवस मोजल्याशिवाय आम्ही तो फॉर्म उघडत नाही. आमची फी कामामागे ठरलेली आहे, मिळालेल्या रकमेवर टक्केवारी आम्ही घेत नाही. त्यामुळे तुम्हाला जास्त पैसे काढायला लावण्यात आमचा काही फायदा नाही.

राजीनाम्यावर आधीच सही झाली असेल तर लगेच या. जबरदस्तीनं घेतली असेल तर ते तेव्हाच लेखी कळवावं लागतं: कंपनीला रजिस्टर पोस्टानं आणि कामगार अधिकाऱ्याला अर्जानं. त्याच दिवशी तीसजणांकडून एकसारख्या मजकुराचे राजीनामे घेतले असतील तर तो चांगला पुरावा ठरतो, म्हणून सोबत्यांच्या प्रतीही जमवा. वर्षभरानं आलात तर आमच्या हातात फारसं काही राहत नाही.

येताना पत्राची प्रत, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, ईएसआयचा विमा क्रमांक, पीएफचं पासबुक, आधार आणि बँक पासबुक आणा. आणि पत्र अजून नुसतं टेबलावरच असेल, तर ‘घरी विचारून उद्या देतो’ म्हणा आणि त्याचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. कन्नड असो की इंग्रजी, आम्ही वाचून मराठीत सांगतो. त्याचे पैसे घेत नाही.